अपघात टाळायचा असेल, तर आधी शेड रिकामे करा

शेतीतील अपघात म्हटले की मळणी यंत्र, ट्रॅक्टर, विजेचा धक्का आणि फवारणीतील विषबाधा एवढीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. हे अपघात खरेच घडतात आणि त्यांची चर्चाही व्हावयास हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा आणि औषधांचे मिश्रण यांविषयी विस्तार यंत्रणेने बरेच प्रबोधन केले. ते योग्यच होते. मात्र फवारणीला जाण्यापूर्वी औषध, पंप, पान्हा आणि घमेले जेथे ठेवलेले असते, त्या आखाड्यावरील शेडकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. पुष्कळसे अपघात शेतात घडण्याच्या कितीतरी महिने आधी या शेडमध्ये तयार होऊन बसलेले असतात, असे माझे मत आहे. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि सातत्य या पाच पायऱ्यांची जी पद्धत जपानी कारखान्यांतून जगभर गेली, ती आपल्या शेडला लावली तर त्यांतील काही अपघात निश्चित टळतात. एका शेडच्या अनुभवावरून हे मांडतो.

एक पाय आणि अकरा टाके

मराठवाड्यातील एका गावी बारा एकरांवर कापूस, सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर मी जूनच्या सुरुवातीला गेलो होतो. त्यांच्या पायाला पट्टी होती. शेडमध्ये खताचे पोते खांद्यावर घेऊन चालताना त्यांचा पाय पाण्याच्या नळीत अडकला आणि तोल सावरण्यासाठी पुढे टाकलेले पाऊल एका रिकाम्या बारदानावर पडले. त्या बारदानाखाली वखराची पास होती. अकरा टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले आणि ऐन पेरणीचे दोन आठवडे घरी बसून काढावे लागले. "नशिबात होते, साहेब," एवढेच ते म्हणाले.

नशिबाचा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही त्या शेडमध्ये उभे राहून पाहिले. वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असे ते पत्र्याचे शेड होते. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला खताची पोती, उजवीकडे कडबाकुट्टी, समोरच्या भिंतीवर मोटारीची स्टार्टर पेटी, तिच्याखाली डिझेलचे कॅन, खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या बाटल्या, कोपऱ्यात जुनी ठिबकची नळी, तुटका फवारणी पंप, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि या सर्वांच्या मधोमध लोंबणारी व लोळणारी पाण्याची नळी. स्टार्टरपर्यंत जायचे तर या नळीवरून आणि पोत्यांच्या कडेने वाट काढावी लागे. रात्री वीज येते तेव्हा हीच वाट अंधारात चालावी लागते.

पास तेथे का होती, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले की मागच्या वर्षी ती धार लावायला काढली होती आणि पुन्हा बसवायची राहिली. बारदान तिच्यावर का होते? कोणाच्या पायाला लागू नये म्हणून कोणीतरी टाकले होते. धोका दूर करण्याऐवजी तो झाकला गेला होता. शेतावरील अव्यवस्थेचे हे फार बोलके उदाहरण आहे. त्या घरातील कोणीही निष्काळजी नव्हते. काळजी होती, परंतु पासेला ठरलेली जागा नव्हती.

पहिली पायरी: निवड

या पद्धतीच्या पहिल्या पायरीला जपानी भाषेत सेइरी म्हणतात. तिचा अर्थ झाडलोट असा नाही. लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे, हा तिचा अर्थ आहे. आपल्याकडे पाच पायऱ्यांचे प्रशिक्षण बहुधा 'स्वच्छता अभियान' म्हणून दिले जाते आणि त्यामुळे लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात. नको असलेल्या वस्तू झाडून-पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवल्या जातात. अपघाताच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. जी वस्तू शेडमध्ये नाही, ती कोणाला अडखळवत नाही, कापत नाही आणि तिच्याखाली सापही बसत नाही. सुरक्षिततेचा मोठा हिस्सा या पहिल्याच पायरीत मिळतो.

आम्ही एका रविवारी सकाळी हे काम केले. शेतकरी, त्यांचा मुलगा, सालगडी आणि मी असे चौघे होतो. शेतकऱ्यांच्या आई बाजेवर बसून कोणती वस्तू कधीची ते सांगत होत्या. शेड पूर्ण रिकामे करावयाचे, हा नियम. आत उभे राहून निवड केली की प्रत्येक वस्तू लागणारीच वाटते. बाहेर उन्हात आणली की तिचे खरे रूप दिसते.

ढीग उपसताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. काम दिवसाउजेडी करावे, पायात बूट असावेत आणि बारदाने, विटा, नळ्यांची वेटोळी हाताने न ओढता लांब काठीने वा खोऱ्याने हलवावीत. जेथे बियाणे आणि धान्य असते तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस, मण्यार येतात. आवराआवर करतानाच सर्पदंश झाल्याची उदाहरणे गावोगावी ऐकायला मिळतात. दुसरे असे, की कडबाकुट्टी किंवा मोटारीजवळचे काही हलविण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. दुसरा कोणीतरी येऊन ते दाबू शकतो.

बाहेर आलेल्या वस्तूंचे चार ढीग केले. या हंगामात लागणारे, लागणारे परंतु येथे नको असलेले, दुरुस्त करावयाचे आणि टाकून द्यावयाचे. ज्या वस्तूंविषयी घरात एकमत होईना, त्यांना लाल चिंधी बांधून तिच्यावर तारीख लिहिली. एक हंगाम संपेपर्यंत जिची चिंधी कोणी सोडली नाही, ती वस्तू भंगारात जाईल असे ठरले. कारखान्यांत यासाठी लाल कार्ड वापरतात. चिंधीने तेच काम होते.

खिडकीतील बाटली

खिडकीच्या कट्ट्यावरील औषधे काढताना सर्वांत मागे शीतपेयाची एक प्लॅस्टिकची बाटली मिळाली. निम्मी भरलेली. आतील द्रव गडद रंगाचा होता आणि पाहता क्षणी कोणालाही ते शीतपेयच वाटले असते. शेतकऱ्यांना आठवायला थोडा वेळ लागला. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यासोबत मिळून त्यांनी तणनाशकाचा एक लिटरचा डबा घेतला होता. डबा शेजाऱ्याकडे राहिला आणि अर्धे औषध या बाटलीत आले. ते पॅराक्वाट होते.

पॅराक्वाटवर उतारा नाही. त्याचा एखादा घोटही जीवघेणा ठरू शकतो आणि पोटात गेल्यावर पहिले काही तास रुग्ण फारसा गंभीर दिसत नसला, तरी पुढील दिवसांत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होत जातात. त्या खिडकीची उंची माझ्या कमरेएवढी होती. घरात सहा वर्षांचा नातू होता आणि उन्हाळ्यात तो दिवसभर आखाड्यावरच खेळत असे. बाटली पाहून त्या आजीबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नातवाला हाक मारून जवळ बसवून घेतले.

या बाटलीमागील कारण नीट पाहिले पाहिजे, कारण 'औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका' हे वाक्य त्या शेतकऱ्यांनी अनेक मेळाव्यांत ऐकले होते. तरीही त्यांनी ते ओतले, कारण अर्ध्या लिटरची गरज असताना एक लिटरचा डबा घेतला गेला आणि वाटणी करणे भाग पडले. चूक ओतण्याच्या क्षणाआधी, खरेदीच्या वेळी झाली होती. म्हणून निवडीची पायरी दुकानापर्यंत न्यावी लागते. एका फवारणीला लागेल तेवढ्याच मापाचे वेष्टन घ्यावे. ते महाग पडले तरी उरलेल्या औषधाचा सांभाळ त्याहून महाग असतो. वाटून घ्यावयाचेच असेल तर औषध न वाटता फवारणी एकाच दिवशी दोन्ही शेतांत करून डबा तेथेच संपवावा.

मूळ वेष्टनाचे महत्त्व केवळ नावापुरते नाही. त्याच्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण औषध किती विषारी आहे ते अक्षर न वाचताही सांगतो. विषबाधा झाल्यास डॉक्टरांना हवे असलेले घटकाचे नाव आणि उपचाराची सूचना त्याच लेबलवर असते. शीतपेयाच्या बाटलीत औषध गेले की ही सर्व माहिती हरवते.

त्या दिवशी आणखी दोन बाटल्या निघाल्या, ज्यांच्यात काय आहे ते कोणालाच आठवेना. अशा वेळी वास घेऊन ओळखण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. लाल चिंधीचा नियमही येथे लागू नाही, कारण अनोळखी औषधाला हंगामभराची मुदत देता येत नाही. ते विष समजूनच हाताळावे. आम्ही तिन्ही बाटल्यांची झाकणे घट्ट करून त्या एका झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवल्या, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिले, तारीख टाकली आणि डबा कुलपात ठेवला. विहीर, ओढा, नाली किंवा उकिरडा यांपैकी कोठेही ते ओतता येत नाही.

आणि येथे मला आपल्या यंत्रणेविषयी बोलणे भाग आहे. रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, ती पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून बाहेर टाकू नयेत, असे कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. परंतु उरलेले, मुदत संपलेले किंवा ओळख हरवलेले अर्धा लिटर औषध त्या शेतकऱ्याने कोणाकडे द्यावे? आम्ही चौकशी केली तेव्हा जवळपास अशी सोय नव्हती. शेतकऱ्याला 'नको ते काढून टाका' असे सांगणारी पद्धत शिकविताना काढलेले विष घेणारी जागाही आपण उभी केली पाहिजे. वर्षातून एकदा, खरीप संपल्यावर, विक्रेते आणि उत्पादक कंपन्या यांच्या सहभागाने तालुक्याच्या ठिकाणी असे संकलन झाले तर निवडीची पायरी पूर्ण होईल. तोवर ती कुलपातच अडकून राहणार.

दुसरी पायरी: मांडणी

निवडीनंतर शेडमध्ये परत जाणाऱ्या वस्तू निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. आता प्रत्येक वस्तूची जागा ठरवायची होती. कारखान्यात जागा ठरविताना वेळ वाचविण्याचा विचार प्रथम होतो. आपण एकच प्रश्न विचारला: ही वस्तू येथे पडली, सांडली किंवा पेटली तर काय होईल?

या प्रश्नातून जागा आपोआप ठरत गेल्या. दारापासून स्टार्टर पेटीपर्यंत तीन फूट रुंदीची वाट सरळ मोकळी सोडली आणि तिच्या दोन्ही कडांना जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या रेषा ओढल्या. पेटीसमोर किमान एक मीटर जागा रिकामी राहील असे पाहिले. डिझेलचे कॅन पेटीखालून काढून शेडच्या बाहेर, सावलीतील वेगळ्या कोनाड्यात नेले. खताची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून आणि छातीच्या उंचीपेक्षा कमी थरांत रचली. त्यामुळे पोती ओलीही होत नाहीत, मागे उंदरांची बिळे झाली तर दिसतात आणि थर अंगावर कोसळत नाही. पास, विळे, कुऱ्हाडी यांच्यासाठी भिंतीवर फळी ठोकली आणि प्रत्येक अवजाराची आकृती तिच्यावर रंगाने काढली. धार भिंतीकडे. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की विळा शेतात राहिला हे कोणीही न सांगता कळते. बांधावर गवतात राहिलेला विळा दुसऱ्या दिवशी कोणाच्या पायात जाणार, हा प्रश्न तेथेच संपतो.

औषधांसाठी जुने लोखंडी कपाट मिळाले. लाकूड सांडलेले औषध शोषून घेते, म्हणून लोखंड बरे. कीटकनाशके इतर वस्तूंपासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावीत आणि ती जागा कोरडी, हवेशीर व उजेडाची असावी, हेच वर सांगितलेल्या नियमांतही आहे. कपाटात वरच्या फळीवर भुकटी, खालच्या फळीवर द्रव औषधे, कारण बाटली गळाली तर ती भुकटीवर गळू नये. तणनाशके वेगळ्या कप्प्यात, कारण कीटकनाशक समजून तणनाशक फवारले गेल्यास उभे पीक जाते. प्रत्येक फळीवर काठाचा ट्रे ठेवला. धान्य साठवणुकीतील अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या त्या घरात नव्हत्या. परंतु जेथे असतील तेथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की ओलसर हवेशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन हा घातक वायू सुटतो. राहत्या घरात किंवा पत्रा गळणाऱ्या कोपऱ्यात त्यांना स्थान नाही.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा आम्ही हौसेने त्याच कपाटात ठेवले. सर्व एका जागी, दिसायला नीटनेटके. दुसऱ्या भेटीत मुखपट्टीलाच औषधाचा वास येत होता. ज्या साधनाने श्वास जपायचा, तेच विषाशेजारी मुरत ठेवले होते. आता ती साधने दाराबाहेरच्या खुंटीवर, धुऊन वाळविलेल्या पिशवीत असतात आणि शेजारी साबण व पाण्याची घागर असते.

तिसरी पायरी: स्वच्छता म्हणजे तपासणी

तिसऱ्या पायरीचे मोल शेड चकचकीत दिसण्यात नाही. हात फिरवताना डोळे उघडे ठेवावेत, हे तिचे सार आहे. फडके स्टार्टरच्या केबलवरून फिरते तेव्हा उंदराने कुरतडलेले आवरण दिसते. फवारणी पंप धुताना झिजलेला पट्टा आणि गळणारा वायसर सापडतो. ट्रॅक्टरखाली झाडताना तेलाचा ताजा डाग दिसला की ब्रेककडे जाणारी नळी तपासावी असे कळते. बाटलीच्या झाकणाभोवती पांढरी कड जमली असेल तर झाकण सैल आहे. त्या शेडमध्ये अर्थिंगची तार जमिनीपाशी गंजून तुटलेली होती आणि तिच्यासमोर दोन वर्षे पोती असल्यामुळे कोणाला ते दिसले नव्हते. पोती हलली, भिंत पुसली आणि तार हातात आली. ती नंतर जाणकार वायरमनकडून बदलून घेतली.

झाडतानाही काही पथ्ये आहेत. औषध सांडले तर त्यावर पाणी ओतू नये, ते पसरते. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्यावे आणि हातमोजे घालून खोऱ्याने उचलावे. भुकटी सांडली असेल तर कोरडा झाडू जोराने मारू नये. कडबाकुट्टीच्या तोंडातील अडकलेला कडबा काढताना फ्यूज खिशात असलाच पाहिजे, हे पुन्हा सांगतो. कारण अनेक हात चारा कापताना नव्हे, यंत्र साफ करताना गेले आहेत.

चौथी पायरी: थोडे नियम, सर्वांना कळणारे

प्रमाणीकरण या शब्दाने शेतकरी दचकतो. त्याला नोंदवह्या आणि तक्ते आठवतात. त्या शेडला तीनच गोष्टी पुरल्या. मांडणी पूर्ण झाल्यावर काढलेले छायाचित्र मोठे करून दाराच्या आतील बाजूस लावले. 'असे असायला हवे' हे त्याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही. कपाटाच्या दोन किल्ल्या दोन ठरलेल्या व्यक्तींकडे राहतील असे ठरले, त्यांतील एक घरातील सुनेकडे. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराला निघण्यापूर्वी, दहा मिनिटांची फेरी.

या फेरीत चार गोष्टी पाहावयाच्या: वाट मोकळी आहे का, कपाटाला कुलूप आहे का, अवजारांच्या फळीवर एखादी आकृती रिकामी आहे का आणि लेबल नसलेली एखादी बाटली कोठे आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी 'एकही नाही' असेच यावयास हवे. त्यात 'एखादी' चालत नाही.

अक्षरांपेक्षा चित्र, रंग आणि रेषा यांवर भर देण्याचे आणखी एक कारण आहे. आज आपल्या शेतांवर मध्य प्रदेश, बिहार, तेलंगण येथील मजूर राबतात आणि आपले मराठी शेतकरीही बेळगाव, इंदूर, बुऱ्हाणपूरच्या परिसरात शेती करतात. मजुराला मराठी वाचता येईलच असे नाही. पांढरी रेषा आणि कवटीचे चित्र त्याला कोणत्याही भाषेत कळते.

पाचवी पायरी: मोडलेली शिस्त काय सांगते

सातत्याची पायरी सर्वांत अवघड, असे सर्वच प्रशिक्षणांत सांगितले जाते आणि मग शिस्तीवर व्याख्यान होते. माझा मतभेद येथे आहे.

नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा त्या आखाड्यावर गेलो तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. पांढऱ्या रेषांमधील वाट कापसाच्या गाठोड्यांनी पूर्ण बुजली होती आणि काही गाठोडी स्टार्टर पेटीला टेकलेली होती. सुका कापूस आणि ठिणगी उडू शकणारी पेटी. शेतकरी ओशाळले. "शिस्त राहिली नाही," असे म्हणाले. मी पाहिले तर अवजारांची फळी जशीच्या तशी होती, कपाटाला कुलूप होते, बाजाराच्या दिवसाची फेरीही चुकलेली नव्हती. ज्या घराने इतके सारे पाळले, तेथे शिस्त नाही असे कसे म्हणावे?

खरे कारण वेगळे होते. आम्ही शेड जूनमध्ये लावले होते आणि जूनमध्ये कापूस नसतो. मांडणी करताना वेचणीच्या गाठोड्यांना आम्ही जागाच दिली नव्हती. संध्याकाळी मजूर गाठोडी घेऊन येत आणि शेडमधील एकमेव मोकळ्या जागी, म्हणजे वाटेत, ठेवत. चूक आमच्या आराखड्यात होती. मग पेटीच्या विरुद्ध बाजूला, जुन्या ठिबकच्या नळीने अडविलेला कोपरा कापसासाठी मोकळा केला. त्या नळीची लाल चिंधी कोणी सोडलेली नव्हती, ती भंगारात गेली. छायाचित्र बदलले. आता दाराला दोन छायाचित्रे आहेत, एक पेरणी-फवारणीच्या दिवसांचे आणि एक वेचणी-मळणीच्या दिवसांचे.

कारखान्यात वर्षभर एकच उत्पादन चालते, शेडचे काम मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. म्हणून शेतावर या पद्धतीचे सातत्य म्हणजे एकच मांडणी कायम राखणे नव्हे. एखादी वस्तू वारंवार चुकीच्या जागी सापडत असेल, तर माणसाला बोल लावण्यापूर्वी तिला दिलेली जागा तपासावी. पंप नेहमी दाराबाहेर पडलेला असतो? कदाचित त्याची खुंटी खूप उंच आहे आणि भिजलेला पंप तेथे चढविणे जिवावर येते. विळा परत येत नाही? कदाचित फळी शेडच्या आतल्या टोकाला आहे. पाच-सहा ठिकाणी मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे आणि बहुतेक वेळा दोष जागेत सापडला आहे.

या पद्धतीने काय होणार नाही

विस्तार कार्यकर्त्यांनी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेड कितीही नीट लावले तरी ट्रॅक्टरच्या उघड्या फिरत्या शाफ्टवर आच्छादन येत नाही, मळणी यंत्राचे घास घालण्याचे तोंड सुरक्षित होत नाही आणि विजेच्या जोडणीत गळती-रोधक स्विच बसत नाही. ही कामे स्वतंत्रपणे करावीच लागतात. नीटनेटके शेड पाहून 'आता सर्व सुरक्षित' असा भ्रम होणे, हा या पद्धतीचाच एक धोका आहे. ती धोके उघडे करते. उघड्या झालेल्या धोक्यावर इलाज करणे हे पुढचे काम.

आणि सुरुवात आपल्यापासून व्हावी. प्रात्यक्षिक क्षेत्रांवरील आणि प्रशिक्षण केंद्रांतील भांडारे मी पाहिली आहेत, माझ्या स्वतःच्या ताब्यातील भांडारही त्यांत आले. मुदत संपलेली नमुना औषधे, लेबल उडालेल्या पिशव्या, स्टार्टरसमोर रचलेले फलक आणि खुर्च्या. शेतकऱ्याला शेड लावायला सांगणाऱ्याने आधी आपले भांडार त्याला उघडून दाखवावे. पुढील शेतकरी मेळाव्यात भाषणांच्या यादीत आणखी एक विषय घालण्यापेक्षा, एका आखाड्यावर पंधरा शेतकरी नेऊन एक शेड सकाळपासून दुपारपर्यंत रिकामे करावे. खिडकीच्या मागे काय निघते ते सर्वांनी मिळून पाहावे.

त्या शेतकऱ्यांच्या पायावर आता व्रण तेवढा राहिला आहे. पास फळीवर तिच्या आकृतीत, धार भिंतीकडे करून टांगलेली असते. खिडकीचा कट्टा रिकामा आहे. तेथे काहीही ठेवायचे नाही, हा नियम त्या आजीबाईंनी केला आहे आणि तो मोडण्याचे धाडस घरात अद्याप कोणी केलेले नाही.